अंगाई दुसऱ्यांदा येते तेव्हा

आपल्या हिंदी सिनेमात आईचं गाणं परत येतं ते बहुधा ओळख पटवायला. ताटातूट झालेल्या भावंडांच्या दंडावर गोंदण नसेल, तर ओठांवर आईच्या गाण्याची ओळ असते. ‘यादों की बारात’ (१९७३) हा त्याचा ठळक नमुना. आई मुलांना घेऊन गाते ते काही अंगाईगीत नव्हे, पण त्याचं काम तेच. पुढे ते ऐकून दोन भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडतात. तिसरा, गुन्हेगारीत अडकलेला शंकर, सगळं ऐकूनही स्वतःची ओळख देत नाही. चित्रपटातला खरा क्षण हाच. बाकी वेळी गाण्यात कोणते शब्द आहेत याने कथेला काडीचाही फरक पडत नाही.

शब्दांनी फरक पडतो तो हिचकॉकच्या ‘द मॅन हू न्यू टू मच’मध्ये. हिचकॉकने ही कथा दोनदा केली. १९३४च्या चित्रपटातली आई पट्टीची नेमबाज आहे. सुरुवातीला ती स्पर्धेत बंदूक चालवते आणि शेवटी त्याच कौशल्याने लेकीला वाचवते. १९५६मध्ये त्याने बंदूक काढून घेतली आणि आईच्या तोंडी गाणं दिलं.

जो ही गाणं सोडून संसारात रमलेली गायिका. माराकेशच्या हॉटेलात मुलगा हँक झोपायच्या तयारीत असताना ती ‘के सरा सरा’ गाते, तोही सूर मिळवतो. जे व्हायचं ते होईल, पुढचं कुणाला दिसतंय, असा गाण्याचा आशय. प्रसंग इतका घरगुती, की पेरणी चाललीय हे कळतही नाही. पुढे हँक पळवला जातो. लंडनमधल्या वकिलातीत, मुलगा इथेच कुठेतरी आहे या आशेवर, ती पाहुण्यांसमोर पियानोवर तेच गाणं म्हणते, आणि बैठकीला न शोभेल इतक्या मोठ्या आवाजात. पाहुणे चपापतात. कॅमेरा जिना चढून आवाजाच्या मागोमाग वर जातो, बंद दारापलीकडून हँकची शीळ येते आणि बापाला वाट सापडते.

इथेही गाणं ओळखीची खूणच आहे. पण नशिबावर हवाला ठेवणारे शब्द गाणारी बाई त्या क्षणी नशिबाशी भांडते आहे. शब्द एक सांगतात आणि गळा दुसरंच. हा ताण नुसत्या धुनेने आला नसता.

गिएर्मो देल तोरोच्या ‘पॅन्स लॅबिरिंथ’मध्ये (२००६) शब्दच नाहीत. मर्सिडीसला अंगाई येते, पण तिचे शब्द ती विसरली आहे, म्हणून ती ओफेलियाला नुसती गुणगुणून दाखवते. फ्रँकोच्या स्पेनमध्ये, जिथे बोलणंच जोखमीचं, तिथे ही विस्मृती कथेत चपखल बसते. हाविएर नावारेतेने मात्र तीच धून पार्श्वसंगीतात इतकी फिरवली आहे, की शेवटी मर्सिडीस मरणाऱ्या मुलीजवळ ती गुणगुणते तेव्हा प्रेक्षक आधीच हळवा झालेला असतो. हिचकॉकने तेच गाणं पेरून प्रेक्षकाला विसरू दिलं होतं. त्या संयमापुढे देल तोरोची ही उधळपट्टी मला खटकते.