शीर्षकाने दिलेला शब्द: विद्यार्थ्यांचे माहितीपट आणि त्यांचा मेटाडेटा

यूट्यूबवर चढवलेल्या चित्रफितीबरोबर जी माहिती जाते तिला मेटाडेटा म्हणतात: शीर्षक, वर्णन, टॅग, भाषेची नोंद, उपशीर्षके, प्रकरणे आणि व्यवहारात याच गटात धरले जाणारे लघुचित्र, म्हणजे थंबनेल. महाविद्यालयीन विद्यार्थी माहितीपटासाठी महिनाभर चित्रीकरण करतात, पंधरा दिवस संकलन करतात आणि ही माहिती मात्र शेवटच्या दहा मिनिटांत भरतात. त्यामुळे या लेखनाचे दोन प्रकार सर्रास आढळतात. एकात शीर्षक ‘फायनल प्रोजेक्ट, तृतीय वर्ष’ इतकेच असते आणि वर्णन रिकामे असते. दुसऱ्यात विषयाशी संबंध नसलेला गाजता शब्द शीर्षकात येतो आणि टॅगांत लोकप्रिय चित्रपटांची नावे भरलेली असतात. पहिला प्रकार चित्रफितीविषयी काहीच सांगत नाही, दुसरा खोटे सांगतो. दोन्हींत योग्य प्रेक्षक चुकतो, पण दुसऱ्याचे नुकसान उशिरा लक्षात येते.

खोट्या शीर्षकाचे नुकसान कसे होते हे समजण्यासाठी शिफारशीची पद्धत पाहावी लागते. २०१२मध्ये यूट्यूबने निव्वळ क्लिकऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली. त्यानंतर प्रेक्षकाचे समाधान मोजणाऱ्या इतर खुणाही त्यात आल्या. यामागचे नेमके सूत्र जाहीर नाही, दिशा मात्र स्पष्ट आहे. शीर्षक आणि लघुचित्र प्रेक्षकाला एक शब्द देतात आणि तो पाळला गेला की नाही, हे पुढच्या काही मिनिटांतल्या त्याच्या वागण्यावरून कळते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक माहितीपट घेता येईल. कोल्हापूरजवळच्या एका कारागिराच्या घरी विद्यार्थ्यांनी बारा मिनिटांची फीत केली आहे. वनस्पतीच्या अर्काने कमावलेल्या चामड्यापासून तळ कापणे, वेणी गुंफणे, चामड्याच्या वादीने हातशिवण घालणे असा तिचा क्रम आहे. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. त्यांच्या मुळाचा उल्लेख सुरुवातीला केला नाही, म्हणून मोठा वाद झाला. फितीत या वादाचा एक शब्दही नाही. तरीही ‘प्राडाला कोल्हापूरचे सडेतोड उत्तर’ असे शीर्षक देण्याचा मोह सहज होतो. त्याऐवजी ‘कोल्हापुरी चप्पल हाताने कशी बनते: चामड्यापासून वेणीपर्यंत’ असे साधे शीर्षकही देता येते.

समजा, दोन्ही शीर्षके प्रत्येकी १,००० वेळा पडद्यावर दिसली. पहिल्यावर ८ टक्के लोकांनी क्लिक केले, म्हणजे ८० जण आले. वाद सापडेना म्हणून ते सरासरी ४० सेकंदांत निघून गेले. एकूण पाहणे ५३ मिनिटे झाले. दुसऱ्यावर ३ टक्के, म्हणजे ३० जणच आले, पण चप्पल कशी बनते हे पाहायलाच आल्यामुळे सरासरी सहा मिनिटे थांबले. एकूण पाहणे १८० मिनिटे झाले. क्लिकच्या हिशेबात पहिले शीर्षक जिंकते, पाहण्याच्या हिशेबात दुसरे तिपटीहून पुढे जाते. शिवाय पहिल्या शीर्षकाने वादात रस असलेले प्रेक्षक गोळा केले आणि ते लगेच उठून गेल्याची नोंद त्याच फितीच्या नावावर झाली. नव्या चॅनेलची फीत सुरुवातीला थोड्याच लोकांसमोर येते, त्यामुळे अशी नोंद त्याला विशेष जड जाते.

हा निव्वळ डावपेचाचा प्रश्न नाही. दिशाभूल करणारे शीर्षक, वर्णन, टॅग किंवा लघुचित्र यूट्यूबच्या नियमांनुसार निषिद्ध आहे आणि अशी फीत काढून टाकली जाऊ शकते. डिसेंबर २०२४मध्ये यूट्यूबने भारतात, विशेषतः ताज्या बातम्या आणि चालू घडामोडींच्या बाबतीत, फितीत नसलेल्या गोष्टीचे आश्वासन देणाऱ्या शीर्षकांवर कारवाई वाढवण्याचे जाहीर केले. वरचे पहिले शीर्षक नेमके याच जातीचे आहे.

प्रामाणिक शीर्षक म्हणजे नीरस शीर्षक नव्हे. त्यात वस्तूचे नेमके नाव, कृती आणि ठिकाण असावे. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर त्यातला सुरुवातीचा भागच दिसतो, म्हणून ‘कोल्हापुरी चप्पल’ हे शब्द आधी आणि महाविद्यालयाचे नाव वर्णनात असणे सोयीचे. वर्णनाला ५,००० अक्षरांपर्यंत जागा असली तरी शोधनिकालात त्याची सुरुवातच दिसते. पहिल्या दोन वाक्यांत कोण, कुठे, काय करतो हे आले पाहिजे. कारागिराने संमती दिली असेल तर त्याचे नाव, चित्रीकरणाचे गाव आणि वापरलेल्या संगीताचा परवाना त्यापुढे येतो. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार टॅगांचा शोधातला वाटा अल्प आहे आणि ते मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगसाठी उपयोगी पडतात. तिथे गाजत्या चित्रपटांची नावे भरण्याचा उद्योग नियमबाह्य आहेच, व्यर्थही आहे.

प्रकरणे वर्णनातच लिहिता येतात. पहिली वेळ 00:00 असावी, किमान तीन वेळांच्या नोंदी चढत्या क्रमाने द्याव्यात आणि प्रत्येक प्रकरण दहा सेकंदांचे तरी असावे:

```
00:00 चामड्याची निवड
02:10 तळ कापणे
05:40 वेणी गुंफणे
09:15 वादीची हातशिवण
```

प्रकरणांत प्रामाणिकपणा म्हणजे त्या जागी खरोखर तीच कृती दिसणे. ज्याला फक्त वेणी पाहायची आहे तो थेट तिथे पोचतो. विद्यार्थ्यांच्या फितींत ही सोय क्वचितच दिसते.

मराठी फितींपुढे भाषेच्या नोंदीचा वेगळा प्रश्न असतो. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जात असल्याने भाषेचा रकाना रिकामा सोडू नये, तिथे ‘मराठी’ निवडावे. प्रेक्षकही एकाच पद्धतीने शोधत नाहीत: कुणी ‘कोल्हापुरी पायताण’ असे लिहितो, कुणी रोमन लिपीत kolhapuri chappal. हे सगळे पर्याय शीर्षकात कोंबण्यापेक्षा वर्णनातल्या नैसर्गिक वाक्यांत आणावेत आणि इंग्रजी शीर्षक अनुवादाच्या स्वतंत्र रकान्यात भरावे. वर्णन जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टंकलेले असेल तर ते चिकटवल्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात आणि शोधात त्यांचा काहीच उपयोग होत नाही. मराठी उपशीर्षके हाताने तपासावीत, कारण आपोआप तयार झालेल्या मजकुरात ‘वादी’सारखे धंद्यातले शब्द बिघडण्याची शक्यता मोठी असते.

शीर्षक खरे आहे की नाही, याची तपासणी यूट्यूब स्टुडिओच्या आकडेवारीत करता येते. दिसण्याच्या तुलनेत क्लिकचे प्रमाण भरपूर पण पहिल्या ३० सेकंदांतच आलेख कोसळलेला, असे असेल तर शीर्षकाने जास्तीचे आश्वासन दिले आहे किंवा फितीची सुरुवात रेंगाळली आहे. क्लिक कमी पण आलेले टिकून राहिलेले, असे असेल तर फीत ठीक आहे, तिची ओळख अंधुक आहे. निम्म्या चॅनेलांचे आणि फितींचे क्लिकचे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते असे यूट्यूब सांगते, तेव्हा ३ टक्के हा आकडा स्वतःहून वाईट ठरत नाही. शोधातून आलेल्या प्रेक्षकांनी कोणते शब्द टंकले याची यादीही तिथे मिळते. ‘प्राडा’ शोधून आलेले लोक निघून जात असतील आणि ‘कोल्हापुरी चप्पल बनवणे’ शोधणारे थांबत असतील, तर शीर्षक कोणासाठी लिहायचे हे ठरते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. खऱ्या शीर्षकामुळे ढिसाळ संकलन सुधारत नाही. ज्या विषयाचे नाव कोणी शोधतच नाही, तो शोधातून फारसा पोचत नाही. तिथे त्या विषयाशी संबंधित संस्था, गावकरी आणि अभ्यासक यांच्यापर्यंत दुवा स्वतः पोचवावा लागतो. कोल्हापुरी चपलेसारख्या विषयाची गोष्ट निराळी आहे. २०१९मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकातले प्रत्येकी चार जिल्हे येतात, आणि तिच्याविषयीची विचारणा वाद शमल्यावरही चालू राहते. वादाचे शीर्षक त्या आठवड्यापुरते चालते. कृतीचे नाव असलेले शीर्षक पुढच्या वर्षी चप्पल कशी बनते हे शोधणाऱ्यालाही फितीपर्यंत आणू शकते.