चादरीआडची आंघोळ

घरी येऊन स्पंज देणाऱ्या एका सिस्टरांचं काम मी बरेचदा शेजारी उभी राहून पाहिलं आहे. रुग्ण म्हणजे पंच्याहत्तरीच्या आजी. पक्षाघाताने डावी बाजू गेलेली. बोललेलं सगळं कळतं, पण पाणी पिताना ठसका लागतो. मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हीच प्रक्रिया शिकवत आले आहे, तरी या बाईंचे हात पाहायला मला आवडतं. पाहणाऱ्याला वाटतं की त्या अंग पुसत आहेत. प्रत्यक्षात त्या आजींचं अंग इंच इंच तपासत असतात आणि आजींना त्याचा पत्ताही लागत नाही.

सुरुवात पाण्याने होत नाही. आधी पंखा बंद, खिडकी ओढलेली, मग बेडपॅन. कोमट पाणी अंगाला लागलं की लघवीची भावना होते. ती अर्ध्यात झाली तर सगळं थांबतं आणि ओल्या अंगाने माणूस कुडकुडतो. ओल्या त्वचेवरून वारा गेला की अंगातली ऊब झपाट्याने जाते, आणि म्हाताऱ्या शरीराला ती परत मिळवायला वेळ लागतो. म्हणून अंगावर एक मोठी चादर कायम राहते आणि तिच्या आडून एका वेळी एकच अवयव बाहेर येतो. चादर लाजेसाठी आहे असं घरच्यांना वाटतं. ती लाजेसाठी आहेच, पण तेवढीच ती उबेसाठीही आहे.

बेसिनला हात लावण्याआधी तोंड. आजींना उशांच्या आधाराने सरळ बसवून, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून सिस्टर टॉर्च पेटवतात आणि पहिला उजेड डाव्या गालाच्या आत टाकतात. लुळ्या बाजूच्या गालाला आत अडकलेला घास कळत नाही आणि जीभ तिथे पोचून तो काढत नाही. एकदा रात्रीच्या पोळीचा मऊ पडलेला तुकडा सकाळी तिथे सापडला. आजींना तो जाणवलाही नव्हता. तो झोपेत घशाकडे सरकला असता तर श्वासात गेला असता. सिस्टरांनी चिमट्यात गॉझ धरून तो अलगद बाहेर घेतला. दातांच्या मध्ये त्या बोट कधी घालत नाहीत, कारण रुग्णाने नकळत जबडा मिटला तर बोट सुटत नाही.

मग ब्रश. लहान मुलांचा, मऊ दातांचा. पाण्यात बुडवून झटकलेला, त्यावर मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट. जिथे हिरडी आणि दात भेटतात तिथे ब्रश तिरका टेकवून छोट्या गोलाकार हालचाली. दातांवरचा चिकट थर घासल्याशिवाय सुटत नाही. नुसता ओला बोळा फिरवला तर तोंड ओलसर होतं, थर जागेवरच राहतो. आणि गिळायला अडचण असलेल्या माणसाच्या बाबतीत हा थर फक्त दातांपुरता राहत नाही. त्यातले जंतू लाळेबरोबर रात्रभर थेंब थेंब श्वासनलिकेत झिरपतात आणि त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून आजींना चूळ भरायला पाणी देत नाहीत. फेस गॉझने टिपून घेतात आणि ठसका लागला तर लगेच थांबतात. शुद्ध नसलेल्या रुग्णाला मात्र बसवायचं नाही. कुशीवर वळवून, तोंड खालच्या बाजूला ठेवून हेच करायचं, म्हणजे पाणी घशाकडे न जाता गालातून बाहेर येतं.

खालची कवळी त्या काढून धुतात तेव्हा तळाशी पाणी भरलेलं भांडं खाली ठेवलेलं असतं. हातातून निसटली तर पाण्यात पडेल, फरशीवर नाही. पाणी गार, कारण गरम पाण्याने कवळीचा आकार बिघडतो आणि मग ती हिरडीला घासून जखम करते. जिभेवर पांढरं दिसलं तर ते हलकेच पुसून पाहतात. सुटलं तर दुधाचा थर. चिकटून राहिलं किंवा खाली लाल, दुखरी जागा निघाली तर बुरशी, आणि ते डॉक्टरांना दाखवायचं. पूर्वी वॉर्डात लिंबू-ग्लिसरीनचे बोळे सर्रास वापरले जायचे. त्याने तोंड ओलं होण्याऐवजी पुढे अधिकच कोरडं पडतं आणि आंबटपणा दातांचं आवरण झिजवतो. सिस्टरांच्या ट्रेमध्ये ते नाहीत हे पाहून मला बरं वाटलं.

आता आजींना आडवं करून पाणी. बेसिनमध्ये ते साधारण 43 ते 46 अंश सेल्सिअस असावं असं आम्ही शिकवतो. रुमाल अंगाला लागेपर्यंत ते आणखी निवतं. घरात थर्मामीटर कोण बुडवतो? सिस्टर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी लावून बघतात, मग आजींचा उजवा हात त्यात बुडवून विचारतात, “आजी, चालेल ना एवढं गरम?” उजवाच हात, कारण डाव्या हाताला चटका बसला तरी आजींना सांगता येणार नाही.

रुमाल त्यांच्या हातात कधी लोंबत नाही. तळव्याभोवती तीन घड्या आणि वरचं टोक आत खोचलेलं. लोंबणारी टोकं लगेच गार होतात आणि पोटावरून ओघळणारा एक गार थेंब सगळं अंग आक्रसून टाकतो. डोळे नुसत्या पाण्याने, नाकाकडून कानाकडे, आणि दुसऱ्या डोळ्याला रुमालाचं दुसरं टोक. अश्रू नाकाकडच्या कोपऱ्यातून आत उतरतात. घाण त्या बाजूला ओढली तर ती त्याच वाटेला लागते, आणि एका डोळ्याचा संसर्ग दुसऱ्याला जायला रुमालाचं एक टोक पुरतं.

मला सर्वांत जास्त आवडतो तो डाव्या हाताचा भाग. गाऊन काढताना आधी उजवा हात, घालताना आधी डावा. न वाकणाऱ्या हाताला अशाने कपड्याची सगळी मोकळीक मिळते आणि खांदा ओढला जात नाही. पक्षाघाताच्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायू ढिले असतात. हात नुसता ओढून उचलला तर सांधा खाली सरकतो आणि दुखणं महिनोन्महिने राहतं. सिस्टर कोपर आणि मनगट दोन्हींना आधार देऊनच तो हात उचलतात. पण डावी मूठ घट्ट मिटलेली असते. आत घाम, कुबट वास, तळव्यात रुतणारी नखं. घरचे लोक एकेक बोट ताणून उघडायला जातात आणि मूठ आणखी घट्ट होते. सिस्टर बोटांना हातच लावत नाहीत. त्या मनगट तळव्याच्या बाजूला हळूहळू दुमडतात, आणि बोटं आपोआप सैल पडतात. बोटं मिटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून जातात. मनगट दुमडलं की त्यांच्यावरचा ताण कमी होतो. एवढं शरीरशास्त्र त्या एका हालचालीत बसवतात. मग तळवा धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, मऊ कापडाची गुंडाळी मुठीत ठेवतात.

हातापायांवर रुमाल बोटांकडून वर, लांब आणि सलग ओढीने फिरतो, रक्ताला हृदयाकडे परतायला मदत म्हणून. पोटरी आली की दाब एकदम हलका होतो. बराच काळ न हललेल्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसाकडे जाण्याचा धोका असतो. म्हणून पोटरी चोळायची नाही, फक्त पाहायची. दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून, एक जास्त सुजलेली किंवा गरम आहे का हे. तसं असलं तर स्पंज तिथेच थांबवून डॉक्टरांना फोन.

पायांनंतर पाणी बदलतं, रुमालही बदलतो, आणि मगच जांघेकडे. पुसणं कायम पुढून मागे, प्रत्येक ओढीला रुमालाची नवी घडी. शौचाच्या जागेचे जंतू लघवीच्या मार्गाकडे जाऊ नयेत एवढंच इथलं तत्त्व. स्तनांखाली आणि जांघेच्या घडीत साबण राहू देत नाहीत. साबण त्यांनी तसाही थोडाच घेतलेला असतो. निरोगी त्वचेची आम्लता पीएच 5 च्या आसपास असते आणि साध्या साबणाची 9 ते 10. पातळ, म्हाताऱ्या त्वचेला तो फरक सोसत नाही. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. पावडरही नाही, कारण घामात तिचे गोळे होतात आणि तेच खरखरीत होऊन घासतात.

आणि मग पाठ. आजींना उजव्या कुशीवर वळवल्यावर सिस्टर पुसायच्या आधी थांबल्या. माकडहाडाच्या वर रुपयाएवढा गडद डाग होता. त्यांनी त्यावर बोट काही क्षण दाबून सोडलं. गोऱ्या त्वचेवर दाबलेली जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त अजून फिरतं आहे. लालच राहिली तर आतलं मांस दबलं आहे. सावळ्या त्वचेवर हे डोळ्यांना धड दिसत नाही. म्हणून त्यांनी बोटांची मागची बाजू डागावर आणि मग शेजारच्या त्वचेवर ठेवली. डाग गरम होता, हाताला थोडा टणकही. बेडसोअरची ही पहिली पायरी, जिथे कातडी अजून शाबूत असते.

सुनेने मायेने तेलाची वाटी पुढे केली. “ताई, इथे नको,” सिस्टर म्हणाल्या, “आसपास लावू, डागावर चोळायचं नाही.” आधीच दबलेल्या बारीक रक्तवाहिन्या चोळण्याने फुटतात. पूर्वी पाठीला स्पिरिट लावायचे, त्यानेही त्वचा कोरडी पडते. घरात आणलेली हवेची गोल चकतीसुद्धा त्यांनी बाजूला काढायला लावली. मधला भाग मोकळा राहतो खरा, पण कडेचा दाब त्याच भागाकडे येणारं रक्त अडवतो.

मग त्यांनी कारण शोधलं, आणि मला हे सगळ्यांत मोठं कौशल्य वाटलं. “आजी दुपारी कशा बसतात?” जेवणानंतर टीव्हीसाठी पाठ उंच करून, दोन-अडीच तास. तशा बसलेल्या माणसाचं अंग हळूहळू खाली घसरतं. कातडी गादीला चिकटून राहते, आतलं हाड पुढे सरकतं आणि मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. पण ठसक्याच्या रुग्णाला जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास सरळ बसवणंही गरजेचं आहे. दोन्ही गरजा एकमेकींशी भांडतात. सिस्टरांनी तोडगा काढला तो असा: आधी गुडघ्यांखाली उशी, मग पाठ वर, म्हणजे घसरण होत नाही. अर्धा तास झाला की पाठ 30 अंशांपर्यंत खाली. वर सरकवताना ओढायचं नाही, खालच्या ड्रॉशीटला दोघींनी दोन बाजूंनी धरून उचलायचं. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, पूर्ण आडवी नाही तर पाठीमागे उशी देऊन 30 अंश तिरकी, म्हणजे भार माकडहाडावरही येत नाही आणि कमरेच्या खुब्यावरही नाही. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली लांब उशी.

अर्ध्या तासाने, बेसिन धुऊन झाल्यावर, त्यांनी तो डाग पुन्हा पाहिला. अजून तसाच होता. त्यांनी पेनाने वहीत त्याचं माप, रंग आणि वेळ लिहिली आणि सुनेला सांगितलं की उद्या सकाळपर्यंत कातडी सोलली, फोड आला किंवा रंग जांभळा-काळा झाला तर माझी वाट न पाहता डॉक्टरांना बोलवायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बोटं पुन्हा आधी तिथेच गेली. डाग फिकट झाला होता, आणि आजूबाजूच्या त्वचेएवढाच गार.