उतारा सासूच्या नावावर

गेल्या पावसाळ्यात नात्यातली एक मुलगी माझ्याकडे येऊन बसली. बेळगावातच शहापुरात सासर, लग्नाला नऊ वर्षं, पदरात एक लेक. नवऱ्याचा हात उठायचा हे आम्हाला कानावरून ठाऊक होतं. आता तो पुण्यात भाड्याची खोली घेऊन राहायला गेला होता आणि सासूबाईंनी तिला सांगितलं होतं, "घराचा उतारा माझ्या नावावर आहे. नवराच इथं नाही, तर तुझं काय काम?" समाजातल्या चार जाणत्यांनी दोन बैठका घेतल्या. निष्कर्ष एकच, "घर सासूचं आहे बाई, कायदा तरी काय करणार? माहेरी जा, पोटगीचं बघू."

या चौघांना मी वाईट म्हणत नाही. त्यांचं उत्तर एके काळी थेट सर्वोच्च न्यायालयाचं उत्तर होतं. म्हणून आज मी त्या उत्तराचीच उलटतपासणी करणार आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण हा कायदा 2005 चा, लागू झाला ऑक्टोबर 2006 मध्ये. त्यात 'सामायिक घर' अशी एक कल्पना आहे. बाई ज्या घरात कौटुंबिक नात्यानं राहते किंवा कधीकाळी राहिली आहे, ते सामायिक घर. ते स्वतःच्या मालकीचं असो वा भाड्याचं, किंवा एकत्र कुटुंबाचं. त्यात तिचा मालकी हक्क असो वा नसो. कलम 17 म्हणतं, अशा घरात राहण्याचा तिला हक्क आहे आणि कायद्याच्या रीतीशिवाय तिला तिथून काढता येणार नाही. कलमाचा सगळा भर 'राहणे' या क्रियापदावर आहे.

पण कायदा लागू होऊन दोन महिने होतात न होतात तोच, डिसेंबर 2006 मध्ये, बात्रा खटल्याचा निकाल लागला. दिल्लीतलं घर, मालकी सासूची, सून दुसऱ्या मजल्यावर नांदलेली. ती माहेराहून परत आली तर दाराला कुलूप. न्यायालय म्हणालं, सामायिक घर म्हणजे नवऱ्याच्या मालकीचं, नवऱ्यानं भाड्यानं घेतलेलं किंवा नवरा ज्या एकत्र कुटुंबात आहे त्याचं घर. सासूच्या घरावर सुनेचा दावा नाही. कारण काय दिलं? शब्दशः अर्थ घेतला तर नवरा-बायको जिथं जिथं राहिली, ती काका-मामांची सगळी घरं सामायिक होतील आणि गोंधळ माजेल.

हे वाचताना माझ्या मनात आलं, न्यायमूर्तींना भीती होती पाहुणचाराची आणि तिचा भुर्दंड भरला नांदणाऱ्या सुनेनं. दिवाळीला मामाकडे चार दिवस राहणं आणि लग्न करून आल्या दिवसापासून एका चुलीवर रांधणं यातला फरक कुणाही बाईला कळतो. तो फरक करायचं सोडून निकालानं 'राहणे' हा शब्द काढला आणि जागी 'मालकी' बसवली. कलमाची भाषा ढिसाळ आहे असा ठपकाही ठेवला. भाषा थोडी गिचमिड आहे, मान्य. पण 'हक्क असो वा नसो' हे शब्द त्यात स्वच्छ होते. आणि आपल्याकडे घर सहसा कुणाच्या नावावर असतं? सासऱ्याच्या, नाहीतर सासूच्या. म्हणजे ज्या घरात बहुतेक सुना नांदतात, तेच घर कायद्याबाहेर गेलं.

हे वाचन चौदा वर्षं टिकलं. 15 ऑक्टोबर 2020 ला आहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते चूक ठरवलं. घर पुन्हा दिल्लीतलंच, सासऱ्याच्या स्वकष्टार्जित मालकीचं. न्यायालय म्हणालं, नवऱ्याच्या नातेवाइकाचं घरही सामायिक घर होऊ शकतं. कसोटी ही, की राहण्यात काही कायमपणा होता का आणि ते आपलं घर म्हणून राहण्याचा हेतू होता का. आल्यागेल्याचं राहणं त्यात धरायचं नाही. म्हणजे काका-मामांची भीती दोन वाक्यांत मिटली. ती 2006 मध्येच मिटवता आली असती.

त्या मुलीच्या बाबतीत मग हीच कसोटी लावली. मी तिला विचारलं, "तू तिथं राहत होतीस हे कागदावर कुठं दिसतं?" ती गप्प. मग एकेक निघालं. रेशन कार्डात नाव, लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर तोच पत्ता, आधार, बँकेचं पासबुक. घरावरचा हक्क सांगणारा एकही कागद नव्हता, पण नांदल्याचे चार होते. तेवढे पुरेसे ठरले.

पुढची वाट अशी. आमच्याकडे संरक्षण अधिकाऱ्याचं काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे असतं. त्यांनी तिचं सांगणं ऐकून घटनेचा अहवाल तयार केला. तो कन्नडमध्ये होता. मी तिला म्हटलं, "ओळ न् ओळ वाचून घे, समजल्याशिवाय सही करू नको." एका ठिकाणी तारीख चुकली होती, ती दुरुस्त झाली. मग वकिलामार्फत कलम 12 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात साठ दिवस कधीच उलटून जातात. म्हणून कलम 23 खाली अंतरिम आदेश वेगळा मागावा लागतो, आणि हेच नेमकं राहून जातं. तिनं तो मागितला. घराबाहेर काढू नये, कुलूप बदलू नये, नवऱ्यानं महिना खर्च द्यावा, स्त्रीधन परत करावं. माडीवरच्या दोन खोल्या तिला मिळाल्या.

तिला सासूबाईंनाच बाहेर काढायचं होतं. रागात होती. पण घर सोडून जाण्याचा आदेश कुठल्याच बाईविरुद्ध देता येत नाही, तशी कलम 19 मध्येच तरतूद आहे. मला ती योग्य वाटते. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचं छप्पर हाही प्रश्न खराच आहे. आहुजा निकालानंही सांगितलं, की हा हक्क अढळ नाही, वयस्कर सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही तोल बघायचा. न्यायालय त्याऐवजी नवऱ्याला तशीच दुसरी जागा द्यायला किंवा भाडं भरायला लावू शकतं.

मात्र या म्हातारपणाची ढाल करणारेही असतात. बंगळूरच्या एका खटल्यात नवऱ्यानं जागा बापाला विकली, बापानं ती घटस्फोटाचा दावा चालू असताना बायकोला बक्षीस दिली आणि मग ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली सुनेला बाहेर काढण्याचा अर्ज आला. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, एका कायद्यानं दुसऱ्या कायद्यातला राहण्याचा हक्क परस्पर पुसता येत नाही.

एवढं सगळं झाल्यावरही तिला मिळालं ते छप्पर, मालकी नव्हे. त्या खोल्या ती विकू शकत नाही, कुणाला देऊ शकत नाही. दिवाणी दावा लावून रीतसर हुकूम आणला तर तिला उद्या निघावंही लागेल. बैठकीतले एक काका मला म्हणाले, "मग फरक काय पडला?" मी म्हटलं, "काका, फरक एवढाच, की आता तिला काढायचं तर कोर्टात कारण सांगावं लागेल. तुमच्या बैठकीत ते कुणी विचारलंच नव्हतं."