रूपांतरातील पात्राचे कुळ

मूळ कृतीतील पात्राचे रूप, गाव वा कुळ बदलण्याचा रूपांतरकाराचा अधिकार तत्त्वतः मान्य करावाच लागतो. तथापि असा बदल झाला म्हणजे मूळ कृतीचे चाहते क्षुब्ध होतात, आणि हा क्षोभ निव्वळ हट्ट समजून बाजूस सारला जातो. वस्तुतः त्यामागे पुष्कळदा एक वाङ्मयीन जाण असते. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) आणि शशांक खेतान यांनी केलेले त्याचे हिंदी रूपांतर ‘धडक’ (२०१८) यांच्या तुलनेतून ती स्पष्ट होते.

आर्ची ही गावच्या सत्ताधारी पाटलाची मुलगी, तर परशा मासेमारी करणाऱ्या पारधी कुटुंबातला. सावळी, सोलापूरकडील रांगड्या बोलीत बोलणारी आर्ची बुलेट व ट्रॅक्टर चालवते, मुलांना दटावते. तिचा हा निर्भयपणा केवळ स्वभावाचा नव्हे. पाटलाच्या मुलीला अडविण्याची गावात कोणाचीच प्राज्ञा नाही, म्हणून तो शक्य होतो. हैदराबादच्या झोपडीत हे कवच गळून पडते आणि ती भांबावते. ज्या कुळाने तिला धैर्य दिले, तेच शेवटी तिचा जीव घेते. चित्रपटाची सारी शोकांतिका या एका सूत्रावर उभी आहे.

‘धडक’मध्ये कथा उदयपूरला जाते. नायिका राजघराण्यातील पार्थवी होते आणि नायक मधुकर खाणावळवाल्याचा मुलगा. अजय-अतुल यांच्या काही चाली राहतात, पलायन राहते, हत्याही राहते. जातीचा उल्लेख मात्र ओझरता व मोघम होतो. परिणामी कृत्य उरते, पण त्याचे कारण पुसट होते. धनिक पित्याचा अहंकार एवढ्याने खून समजत नाही. अखेरीस पती व मूल मारले जाऊन पार्थवी जिवंत राहते, तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसतो. परंतु ‘सैराट’च्या शेवटी जाणवणारी अटळता येथे जाणवत नाही. शिवाय, ज्यांनी आर्चीच्या वर्णात व बोलीत प्रथमच आपले रूप नायिकेच्या जागी पाहिले होते, त्यांना तेच रूप अनावश्यक ठरविले गेल्याचे दुःख झाले.

याउलट विशाल भारद्वाज यांच्या ‘ओंकारा’त (२००६) शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा कृष्णवर्ण गेला आहे, त्याच्या जागी नायकाच्या आईचे हीन मानले गेलेले कुळ आले आहे. रूप बदलले, पण त्या रूपाचे कथेतील कार्य कायम राहिले. डॉलीच्या पित्याचा संताप आणि नायकाच्या मनातील संशयाला मिळणारे खतपाणी, दोन्ही त्यातूनच येतात.

तेव्हा बदल किती मोठा, हा प्रश्न गौण आहे. पात्राचे जे लक्षण काढून टाकले, त्याच्यावाचून पुढील घटना घडली असती काय, हे पाहावयास हवे. घडली नसती, तर रूपांतरकाराने त्याजागी तितकेच समर्थ दुसरे कारण उभे केले पाहिजे. जेथे ते केले जात नाही, तेथे चाहत्यांची तक्रार समीक्षकानेही आपली मानावी.