बावीस साड्या आणि एक न ठरलेली गाडी

रसग्रहण कवितेचं करतात, बंदिशीचं करतात. एका टिपणाचं करायला बसलो आहे याचं मलाही जरा हसू येतंय. पण गेल्या आठवड्यात आमच्या धाकट्या वहिनींनी घरच्या व्हॉट्सॲप गटावरच्या चर्चेचं जे टिपण केलं, ते परत परत वाचावंसं वाटलं. लग्न वारासिवनीत आहे. घरचे लोक वारासिवनी, बालाघाट, गोंदिया, नागपूर असे पांगलेले. शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालेली चर्चा रविवारी रात्रीपर्यंत चालली, आणि वहिनींचं नाव त्या गटात नव्हतंच. भाच्याने सगळ्या बोलण्याचा लांबलचक स्क्रीनशॉट काढून त्यांना पाठवला, एवढंच निरोपात लिहून : ‘मामी, यातून काय ठरलं ते काढून द्या.’

वहिनींनी काढून दिलं ते असं :

ठरलं. आहेराच्या साड्या सुती, वारासिवनीच्या हातमागाच्या. नग 22. काठ जांभळा.
ठरलं. पंगतीला चिन्नोर, घरचा. एक पोतं (धान की तांदूळ, लिहिलेलं नाही).
अर्धवट. साडीच्या अंगाचा रंग. पाच अंगठे आहेत, कोणाचे ते दिसत नाही.
मधले मामा : विणकराला विसार. रविवारी (निरोप रात्री 12.20 चा आहे, सोमवारही असू शकतो, विचारा).
भाचा : पत्रिकेचा मजकूर छापखान्यात देणे.
मोठे काका : हॉलचा अ‍ॅडव्हान्स, बुधवारपर्यंत.
कोणाकडेच नाही : गोंदियाहून येणाऱ्यांची गाडी. ‘करून टाकू’ असं तिघांनी म्हटलंय.
चित्रात नाही : मोठ्या बाईचा आवाजातला निरोप (1.48). ऐकून भर घालावी.
इथवर : रविवार, रात्री 10.42.

आता या मजकुराच्या पोटात शिरू. पहिल्या ओळीतला ‘22’ बघा. गटावर आधी 18 साड्या ठरल्या, मग आत्याने ‘वीसच करा’ म्हटलं, मग मोठ्या काकांनी ‘आणखी दोन वाढवा’ म्हटलं. घाईने वाचणारा इथे 24 लिहून मोकळा होतो, कारण ‘आणखी दोन वाढवा’ हे वाक्य त्या चित्रात दोनदा आहे. भाच्याने दोन पट्ट्या एकमेकींना जोडून चित्र लांब केलं होतं, आणि जोडाच्या जागी शेवटच्या काही ओळी दुसऱ्यांदा आल्या. वहिनींनी हे ओळखलं ते वेळेवरून. दोन्ही वाक्यांखाली 9.14 आहे, आणि दुसऱ्याच्या आधीची ओळ पुन्हा 9.12 ची. एका दिवसाच्या गप्पांत वेळ मागे जात नाही. ती मागे गेली की समजावं, जोड आला. उलट जोडाच्या जागी वेळ एकदम उडी मारत असेल, तर मधलं काहीतरी गळलं असण्याची शंका घ्यावी. वहिनींनी चित्र वरून खाली वाचण्याआधी फक्त वेळांची रांग वाचली होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. मला ही शिस्त फार आवडली. मजकुराकडे नंतर, आधी शिलाई तपासायची.

दुसरी गोष्ट, आकडा कोणाचा. वहिनींनी आकड्यांचा प्रवास सांगितला नाही, शेवटचा शब्द घेतला. पण शेवटचा शब्द म्हणजे शेवटची ओळ नव्हे. काकांच्या नंतरही कोणीतरी ‘18 पुरेसे होते’ असं लिहिलंच आहे. ती कुरकुर आहे, बदल नाही, कारण त्यावर पैसे देणाऱ्या माणसाने होकार दिलेला नाही. हॉलचा खर्च काकांचा, साड्यांचा खर्च काकांचा, म्हणून त्यांच्या आकड्याला वजन. या घरात कोणाच्या शब्दाने गोष्ट पक्की होते हे माहीत नसेल, तर नुसत्या चित्रातून हे कळणार नाही, आणि टिपण करणाऱ्याने ते विचारून घ्यायला हवं.

मग जांभळा काठ. इथे मला वहिनींच्या नजरेचं खास कौतुक वाटतं. वारासिवनीच्या साडीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा गटावर बराच गजर झाला, आणि त्या गजरात एक व्यवहारातली गोष्ट दडून गेली होती. हातमागावर काठाचा रंग ताण्यात असतो. ताणा एकदा मागावर चढला की त्यावर एकामागून एक साड्या निघतात, तो मध्येच बदलत नाही. अंगाचा रंग मात्र बाण्याने बराच फिरवता येतो. म्हणून वहिनींनी काठ ‘ठरलं’मध्ये टाकला आणि अंगाचा रंग ‘अर्धवट’मध्ये ठेवला. काठाबद्दल त्यांनी नीट खात्री करून घेतली होती; पाच अंगठ्यांवर विसंबून अंगाचा रंग पक्का केला नाही. आमच्याकडे अंगठा म्हणजे कधी ‘वाचलं’, कधी ‘बरं’, कधी ‘आता झोपू द्या’. आणि चित्रात फुग्याखाली अंगठा नि पाचचा आकडा एवढंच दिसतं, त्यावर बोट ठेवून नावं उघडण्याची सोय नसते. पाच अंगठे म्हणून पाच होकार लिहिले असते, तर विणकराकडे जाऊन भांडण्याची पाळी आली असती.

‘एक पोतं’ एवढं वाचून पुढे जाणं किती सोपं होतं! चिन्नोर हा बालाघाटचा सुवासिक तांदूळ, त्यालाही 2021 मध्ये मानांकन आहे, आणि घरचा असला की त्याची चर्चा धानाच्या भाषेतच होते. धानाच्या पोत्याचा तांदूळ गिरणीतून निघताना तूस आणि कोंडा वजा होऊन साधारण दोन तृतीयांशच उरतो. क्विंटलभर धान असेल तर साठ-पासष्ट किलो तांदूळ, आणि माणशी शंभर ग्रॅम धरलं तर सहाशे-साडेसहाशे पानं. क्विंटलभर तांदूळच असेल तर हजार पानं. पन्नास किलोचं पोतं असेल तर दोन्ही निम्म्यावर येणार. एका न लिहिलेल्या शब्दाने पंगतीचा हिशेब इतका हलतो. वहिनींनी हा हिशेब लिहिला नाही, नुसता कंस टाकला. माझ्या हाती टिपण असतं तर मी तो हिशेब दाखवायला गेलो असतो, आणि कोणी वाचलं नसतं.

कामांच्या यादीत एक सूक्ष्म जागा भाच्याची आहे. चित्रात त्याचं नाव कुठेही नाही. छापखान्याचं काम ‘मी देतो’ असं ज्या फुग्यात आहे तो उजवीकडचा, हिरवा आहे. उजवीकडच्या फुग्यांवर नाव येत नाही, कारण ते फोन ज्याचा त्याचेच. ज्याने चित्र काढलं त्याचं ते बोलणं. चित्र दुसऱ्याच्या हाती गेलं की हा ‘मी’ अनाथ होतो, आणि वाचणारा त्याला स्वतःचा समजतो किंवा वगळून टाकतो. तसंच डावीकडेही, एकाच माणसाचे सलग निरोप असले तर नाव फक्त पहिल्यावर असतं; पट्टी मधून कापली गेली तर पुढचे निरोप बेवारस होतात. वहिनींनी हिरवा फुगा ओळखला आणि भाच्याच्या नावावर काम चढवलं. ते काम त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं, हे वेगळं.

नाती हा तर आणखी एक गुंता. आत्या ‘भाऊ’ म्हणते ते मोठे काका. नागपूरची चुलत बहीण ‘भाऊ’ म्हणते तो तिचा सख्खा. ‘भाऊंना विचारून घे’ हे वाक्य तीन माणसांनी तीन माणसांबद्दल लिहिलं आहे. टिपणात मात्र एकही ‘भाऊ’ नाही. मोठे काका, मधले मामा, भाचा, अशी सगळी नाती एकाच ठिकाणी उभं राहून मोजलेली आहेत, नवरदेवाच्या घरच्या धाकट्या सुनेच्या जागेवरून. अर्थात भाचा नि मामा ही नाती कोणाची हे बाहेरच्याला कळणार नाही, पण टिपण घरच्यांसाठी आहे, त्यामुळे चालून जातं.

‘करून टाकू’बद्दल मात्र जरा थांबायला हवं. मराठीत काम पुढे ढकलण्यासाठी कर्ता नसलेली वाक्यं मुबलक आहेत : होऊन जाईल, बघू, करून टाकू. हिंदीतलं ‘देखता हूँ’ त्यात वारासिवनीकडे भर घालतं. कर्ता असलेलं ‘मी बुधवारपर्यंत देतो’ वाचल्यावरच वहिनींनी काम नावावर चढवलं. बाकीच्या गोड शब्दांना त्यांनी काम मानलंच नाही, ‘कोणाकडेच नाही’ म्हणून उघड्यावर टाकलं. आपल्याकडे याला धाडस म्हणतात, कारण ‘करून टाकू’ म्हणणाऱ्यांत मोठे दोघे होते आणि त्यांची नावं चुकूनही लिहिलेली नाहीत. आकडा लिहिला, माणसं लिहिली नाहीत. धाकट्या सुनेला कुठवर बोलता येतं याचं उत्तम भान.

आता एक खटकलेली जागा. शनिवारी दुपारी हॉलवरून आत्या आणि काका यांच्यात चांगलीच जुंपली होती. वहिनींनी ते अख्खं गाळलं. भांडण गाळलं ते बरोबर, पण त्याच्या मध्ये आत्याची एक अट होती : हॉल वरच्या मजल्यावर असेल तर मला गुडघ्यांमुळे चढता येणार नाही, खालचा मजला असेल तरच घ्या. काकांनी त्यावर ‘बरं’ म्हटलं. हा रागाच्या भरातला निर्णय होता आणि तोच टिपणातून निसटला. शब्द चढले की आपण तो भाग झपकन खाली सरकवतो, आणि अटी नेमक्या तिथेच लिहिल्या जातात. ‘हॉलचा अ‍ॅडव्हान्स’ या ओळीपुढे ‘खालचा मजला पाहून’ एवढं हवं होतं.

शेवटची ओळ मला सगळ्यांत रुचली. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा शिक्का असे, म्हणजे मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही घुसवलं तर ते पत्रातलं नव्हे. ‘इथवर : रविवार, रात्री 10.42’ ही ओळ तेच काम करते. त्यानंतर कोणी आकडा बदलला असेल, निरोप पुसून टाकला असेल (‘हा निरोप काढून टाकला’ अशी खूण उरते खरी, पण चित्र त्याआधीचं असेल तर तीही नसते), किंवा पंधरा मिनिटांच्या मुदतीत दुरुस्त केला असेल, तर त्याची जबाबदारी टिपणावर येत नाही. चित्र म्हणजे एका क्षणाची प्रत. तो क्षण सांगितला नाही तर प्रत कोणत्याही दिवसाची समजून वाचली जाते.

टिपण भाच्याने गटावर टाकलं तेव्हा पहिला निरोप मोठ्या बाईचा आला, की तिच्या आवाजात फुलवाल्याचा पत्ता होता, त्याला काम म्हणून धरावं. दुसरा आत्याचा, खालच्या मजल्यावरून. तिसरा गोंदियाच्या जवाईंचा : ‘गाडी माझ्याकडे लिहा. किती जण येणार ते मंगळवारी सांगा, त्यानंतर जागा मिळणार नाही.’