फलाटावरची तीन वाक्ये

छायाचित्राखालच्या मजकुराकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही. 'डावीकडून उभे' एवढ्यावर तिथले काम भागते, अशी आपली समजूत असते. अलीकडे 'अलक' या नावाने अतिलघुकथा पुष्कळ लिहिल्या जातात आणि त्यांतल्या काही जुन्या फोटोंखाली तीन वाक्यांत बसवल्या जातात. रेल्वेच्या फलाटावरील निरोपाचा फोटो हा या लेखकांचा विशेष आवडता विषय. तो सोपा वाटतो, म्हणूनच बहुतेक वेळा फसतो. तो कोठे फसतो हे पाहण्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांकडे वळतो, कारण तेथे रेल्वेच नाही.

पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या आखण्या झाल्या, बदलल्या. रूळ मात्र पडले नाहीत. या भागातला खरा निरोप एस्टी स्टँडवर होतो: जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. आगगाडीने लांब जायचे तर आधी पुणे गाठायचे, नाही तर माळशेज घाट उतरून कल्याण. म्हणजे या भागातल्या घरात फलाटावरचा फोटो असेल, तर त्या माणसाचा निरोप दोनदा झालेला असतो आणि फोटोत आहे तो दुसरा. पहिल्या निरोपाला जी माणसे होती, त्यांतली बरीचशी दुसऱ्याला नसतात. ही अनुपस्थिती फोटो दाखवू शकत नाही. ती सांगता येते फक्त शब्दांना.

एक फोटो कल्पू या. पुणे स्टेशन. डब्याच्या गजांच्या खिडकीत एक तरुण मुलगी बसली आहे. परिचारिकेच्या शिक्षणासाठी ती मिरजेला निघाली आहे. खिडकीखाली पाठमोरे वडील, त्यांच्या एका हातात पितळी डबा. शेजारी लहान भाऊ, तो गाडीकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहतो आहे. घर ओतूरचे.

याखाली नेहमी जे लिहिले जाते त्याचा एक नमुना असा: 'निरोपाचा क्षण. वडिलांचे डोळे पाणावले आहेत. गाडी सुटली आहे.' यातले पहिले वाक्य फोटो स्वतःच सांगतो. दुसरे खोटे आहे, कारण वडील पाठमोरे आहेत. तिसरे तपासता येते. गाडी हलू लागली असती तर खिडकीच्या कडा आणि मुलीचा चेहरा थोडा तरी पुसट झाला असता, वडिलांचे एक पाऊल पुढे पडले असते. इथे सारे काही रेखीव आहे. गाडी उभी आहे. फोटो नीट न पाहता त्याविषयी लिहिणे हा या प्रकारातला सर्वांत सामान्य दोष आहे.

दुसरा नमुना अधिक महत्त्वाकांक्षी: 'लेकीच्या शिक्षणासाठी बापाने रान गहाण टाकले. तिने मागे वळून पाहिले नाही. ती गेली.' इथे कथा आहे, पण ती या फोटोची नाही. हीच वाक्ये विमानतळावरच्या किंवा बंदरावरच्या फोटोखाली लावली तरी बसतील. परीक्षा म्हणून हे करून पाहावेच: मजकूर दुसऱ्या फोटोखाली सरकवावा, तिथेही तो बिनतक्रार बसला तर तो पहिल्याही फोटोचा नव्हता. शिवाय शेवटचे क्रियापद पाहा. मराठीत 'गेली' म्हणजे मेली असाही अर्थ होतो, आणि म्हणूनच आपण उंबऱ्यावर 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. निरोपाच्या फोटोखाली एकटे 'गेली' ठेवले, की पन्नास वर्षांनी आल्बम उघडणारे नातवंड त्या बाईला तरुणपणीच संपवून मोकळे होईल. लेखकाला तो दुहेरी अर्थ हवासा वाटला असेल. पण ती मुलगी पुढे चाळीस वर्षे रुग्णसेवा करून निवृत्त झाली असेल, तर या एका शब्दाने तिच्यावर अन्याय केला आहे. 'निघाली' हा साधा शब्द इथे अधिक प्रामाणिक ठरतो.

आता तिसरा नमुना: 'आईने ओतूरच्या स्टँडवरूनच निरोप दिला, कारण घरी म्हशी होत्या. वाटेत भावाला भाकरी खाऊ घालून ताईने डबा दादांकडे परत दिला. दिवाळीची सुट्टी संपवून ती पुन्हा निघाली तेव्हा आई पुण्यापर्यंत आली.'

पहिल्या वाक्याने चौकटीत नसलेले माणूस आत आणले आणि त्याच्या नसण्याचे कारणही दिले. कारण घरगुती आहे म्हणून विश्वासार्ह आहे. दुसरे वाक्य चौकटीतल्या एका वस्तूवर बोट ठेवते. आपण पुन्हा फोटोकडे जातो आणि वडिलांच्या हातातला डबा रिकामा आहे हे आता कळते. हे वाक्य या फोटोवाचून निराधार होईल, तसाच फोटोही त्याच्यावाचून मुका राहील. तिसरे वाक्य पुढच्या काळात जाते, पण नव्या घटनेकडे नाही. पहिल्या वाक्यातल्या आईकडे परतते. त्या दिवशी म्हशी कोणी सांभाळल्या, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो. चौथे वाक्य असते तर त्याने हे उत्तर देऊन टाकले असते. ते नाही हेच बरे. अश्रू या मजकुरात कोठेही नाहीत.

जर्मन समीक्षक लेसिंग याने 'लाओकून' या 1766 मधील ग्रंथात म्हटले, की चित्रकाराला एकच क्षण मिळतो, म्हणून त्याने कळसाच्या अलीकडचा क्षण निवडावा, म्हणजे पाहणाऱ्याची कल्पना पुढे धावते. उभ्या गाडीच्या खिडकीचा फोटो नेमका तसा क्षण असतो. मग शब्दांनी तो क्षण पुन्हा रंगवण्यात काय अर्थ? मधला भाग फोटोने सांगितलेलाच आहे. वाक्यांनी त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे पाहावे.

इतक्या थोड्या जागेत कथा मावते का, असे विचारणाऱ्याने मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला लपवलेल्या ठेवीचा दाखला काढून पाहावा. चव्वेचाळिसाव्या एकाच वचनात माणसाला ठेव सापडते, तो ती लपवतो, जातो, सर्वस्व विकतो, शेत विकत घेतो. भावनेला तिथे एकच शब्द मिळाला आहे, आनंद. बाकीचे काम क्रियापदे करतात.

स्थळ आणि वर्ष या तीन वाक्यांत कोंबू नये. ती वेगळ्या ओळीत द्यावीत. पण तिथेही काळजी हवी. 'आंबेगाव' एवढेच लिहिले तर तालुका की गाव? ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या गावातून निघालेल्या माणसाच्या फोटोखाली हा फरक न लिहिणे म्हणजे अर्धी कथा गाळणे. (अर्धविरामाच्या आडून तीन वाक्यांत पाच वाक्ये खपवणाऱ्यांबद्दल काय बोलावे?)

तिसऱ्या वाक्याला एक मर्यादा मात्र आहे. कल्पित फोटोत आई पुण्यापर्यंत आली, कारण मी तिला आणले. खऱ्या आल्बममध्ये ते सांगणारे कोणी हयात असायला हवे. फोटो घेऊन प्रथम त्या घरातल्या थोरांकडे जावे, आणि 'पुढे काय झाले?' असे न विचारता 'त्या दिवशी स्टँडवर कोण कोण होते?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला 'चांगले झाले हो' एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्याला नावे मिळतात, म्हशी मिळतात, डबा मिळतो. आणि काहीच मिळाले नाही, तर दोन वाक्यांवर थांबून तिसऱ्याची जागा कोरी ठेवावी.