मध्य खचतो तो कोठे?

दीर्घ अद्भुतरम्य कादंबरी मध्यावर रेंगाळू लागली की दोष बहुधा वर्णनांच्या माथी मारला जातो. रॉबर्ट जॉर्डन यांच्या चौदा खंडांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा दहावा खंड, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ (2003), मात्र वेगळे निदान सुचवितो.

नवव्या खंडाच्या अखेरीस नायक रँड जादूशक्तीचा विटाळलेला पुरुष-अंश शुद्ध करतो. कथा येथून पुढे सरकावी, ही वाचकाची अपेक्षा. दहावा खंड मात्र मागे वळतो आणि ती घटना घडत असताना इतर पात्रे कोठे होती, हेच बराच काळ सांगत राहतो. निष्पत्ती आधीच ठाऊक असल्याने उत्कंठा उरत नाही. पेरिनच्या अपहृत पत्नीची सुटकाही अकराव्या खंडापर्यंत लांबते.

हा दोष पारखण्याची रीत साधी आहे. प्रत्येक प्रकरणापुढे एकच ओळ लिहावी: येथे मागे न घेता येणारे असे काय घडले? लागोपाठ तीन-चार ओळी कोऱ्या राहिल्या, तर मध्य तेथेच खचला आहे.

पहिली कात्री वाक्यांना नव्हे, पुनरावृत्त काळाला लावावी. शुद्धीकरणाचा क्षण एकाच पात्राच्या नजरेतून दाखवावा. इतरांच्या वाट्याला त्याचे परिणाम यावेत. तसे झाले असते, तर शेवटच्या पानांवर येणारे एग्वेनचे बंदिवान होणे कितीतरी आधी आले असते आणि त्यातून उद्भवणारा संघर्ष याच खंडात उभा राहिला असता. वेशभूषेची वर्णने त्यानंतर तपासावीत. कथा चालू लागली की त्यांतली निम्मी खटकेनाशी होतात.